पाणबुडी मोटरचा वॉरंटी परिच्छेद सोपा कसा करायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंप आणि मोटरची वॉरंटी कार्डं, माहितीपत्रकं मराठीत लिहून देणं हे माझं काम. जळगाव, धुळे आणि नंदुरबारचे विक्रेते, इथले छोटे उत्पादक आणि मोटर विकत घेणारे शेतकरी यांच्याकडून जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी चर्चा बोअर किंवा ट्यूबवेलमध्ये सोडायच्या थ्री-फेज पाणबुडी मोटरपुरती आहे, कारण खान्देशात वॉरंटीवरून सर्वात जास्त भांडणं याच वस्तूवर होतात. उदाहरणाला बहुतेक कार्डांवर थोड्याफार फरकाने सापडतो तसा परिच्छेद घेतला आहे:

«सदर पंपसेटला विक्री दिनांकापासून १२ महिने अथवा उत्पादन दिनांकापासून १८ महिने यांपैकी जो कालावधी अगोदर संपुष्टात येईल तोपर्यंत केवळ साहित्य व कारागिरीतील दोषांकरिता वॉरंटी राहील, तथापि वायंडिंग जळणे, केबल, रबरी भाग, नैसर्गिक झीज, अयोग्य हाताळणी, विद्युतपुरवठ्यातील चढउतार, कोरडे चालणे, वाळूमिश्रित पाणी, अनधिकृत दुरुस्ती अथवा कंपनीच्या मते अन्य कोणत्याही कारणास्तव उद्भवलेला बिघाड यांस सदर वॉरंटी लागू राहणार नाही व याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील, दावा विक्रेत्यामार्फत मूळ बिल व कार्डासह सादर करणे बंधनकारक असून सर्व वाद कंपनीच्या मुख्यालयाच्या न्यायक्षेत्राच्या अधीन राहतील.»

१. परिच्छेद सोपा करायचा म्हणजे अवघड शब्द बदलायचे, एवढंच ना?

तेवढ्याने काम होत नाही. वरच्या परिच्छेदात «संपुष्टात येईल»च्या जागी «संपेल» लिहिलं, «उद्भवलेला»च्या जागी «झालेला» लिहिलं, तरी शेतकऱ्याला काही कळणार नाही. मोटर बंद पडल्यावर त्याच्या मनात तीन प्रश्न असतात: माझा हा बिघाड वॉरंटीत बसतो का, बसत नसेल तर का नाही, आणि आता मी कुठे जायचं. वरच्या परिच्छेदात या तिन्हींची उत्तरं एकाच वाक्यात गुंफली आहेत. म्हणून आधी ती सोडवायची आणि काय मिळेल, काय मिळणार नाही, काय करायचं असे तीन तुकडे करायचे. शब्द त्यानंतर बदलायचे.

तुकडे केले की उघडं पडतं की काही प्रश्नांची उत्तरं मूळ परिच्छेदात नव्हतीच. बिघाड वॉरंटीत बसला तर कंपनी काय देणार, दुरुस्ती की नवी मोटर? किती दिवसांत? मोटर वर काढायची मजुरी कोणाची? ही उत्तरं भाषेची जाण असलेला माणूस मनाने भरू शकत नाही. मालकाला विचारूनच ती लिहावी लागतात.

२. वॉरंटी म्हणजे दुरुस्ती आणि गॅरंटी म्हणजे बदली, असं आमच्याकडे म्हणतात. कार्डावर कोणता शब्द घालू?

बाजारात तसा समज आहे खरा, पण कार्डावर दोन्हींपैकी कोणताही शब्द घातला तरी त्यातून काय मिळणार ते आपोआप ठरत नाही. खालचं वाक्य काय सांगतं तेच महत्त्वाचं. «खराब भाग मोफत बदलून देऊ. भाग बदलून मोटर चालू झाली नाही तर त्याच मॉडेलची दुसरी मोटर देऊ» असं स्वच्छ लिहिलं की वर कोणताही शब्द असला तरी चालतो.

३. «१२ महिने किंवा १८ महिने, जे आधी संपेल ते» याचा अर्थ काय?

उदाहरणाने पाहू. मोटर फेब्रुवारी २०२४ मध्ये तयार झाली, चोपड्याच्या दुकानात पडून राहिली आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विकली गेली. विक्रीपासून १२ महिने मोजले तर वॉरंटी १९ नोव्हेंबर २०२५ पर्यंत चालायला हवी. पण उत्पादनापासूनचे १८ महिने ऑगस्ट २०२५ मध्येच भरतात, आणि कार्ड म्हणतं जे आधी संपेल ते. म्हणजे घेणाऱ्याचे सुमारे तीन महिने दुकानाच्या फळीवरच गेले आणि त्याला ते कधी कळलंही नाही.

उत्पादकाची अडचणही समजण्यासारखी आहे. दुकानदाराने माल वर्षानुवर्षं साठवला तर त्याचा भार कंपनीने किती वाहायचा? पण हा हिशेब कंपनी आणि दुकानदार यांच्यातला आहे, तो घेणाऱ्याच्या कार्डावर मांडू नये. माझा आग्रह असा की दोन्ही मुदती छापण्यापेक्षा एक रिकामी जागा ठेवावी: «ही वॉरंटी ____ या तारखेला संपते.» दुकानदाराने विकताना हिशेब करून तारीख हाताने भरायची आणि सही करायची. जुना माल असेल तर तारीख जवळची येईल, गिऱ्हाईक लगेच विचारेल आणि भाव तिथेच ठरेल. आठ महिन्यांनी भांडण्यापेक्षा ते बरं.

४. «साहित्य व कारागिरीतील दोष» हे शब्द सोपे करता येतात का?

येतात, पण उदाहरणं दिल्याशिवाय नाही. घेणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की मोटर बनवताना राहिलेली चूक कंपनीची आहे. म्हणून लिहायचं: «मोटर किंवा पंप बनवताना राहिलेल्या दोषामुळे बिघाड झाला तर तो आम्ही मोफत दुरुस्त करू. उदाहरणार्थ, वायंडिंगच्या वायरचं आवरण सदोष असणं, थ्रस्ट बेअरिंग मुळातच बिघडलेलं असणं, शाफ्ट वाकडा असणं, ओतीव भागाला तडा असणं, नेमप्लेटवर लिहिलेल्या उंचीला लिहिलेलं पाणी न येणं.»

शेवटचं उदाहरण बहुतेक कार्डांवर नसतं. मोटर फिरते, आवाजही करत नाही, पण पाणी कमी येतं; हाही दोष असू शकतो. मात्र पाणी कमी येण्यामागे बोअरची पातळी खाली जाणं किंवा पाइप गळणं हेही कारण असतं, म्हणून «लिहिलेल्या उंचीला» हे शब्द गाळू नका.

उदाहरणांनंतर «ही यादी पूर्ण नाही, असे इतर दोषही वॉरंटीत येतात» हे वाक्य हवंच. नाहीतर जे लिहिलं नाही ते मिळणार नाही, असा अर्थ कुणीतरी काढतोच.

५. मोटर जळाली तर वॉरंटी मिळते का? कार्डावर तर «वायंडिंग जळणे» वगळलं आहे.

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि परिच्छेदातली सर्वात मोठी चूकही इथेच आहे. शेतकरी दुकानात येऊन «मोटर जयी गई» एवढंच सांगतो, कारण त्याला तेवढंच दिसतं. पण जळणं हा परिणाम आहे. पाणबुडी मोटरमधले बरेचसे बिघाड, मग चूक कोणाचीही असो, शेवटी वायंडिंग जळण्यापर्यंतच जातात. तेव्हा «वायंडिंग जळणे» हे दोन शब्द वगळण्याच्या यादीत घातले की वर दिलेलं वचन बहुतांश परत घेतल्यासारखं होतं. कार्डावरून परिणाम काढा आणि कारणं लिहा.

कारण ओळखता येतं का? बऱ्याच वेळा येतं. मोटर उघडल्यावर वायंडिंग कसं जळलं आहे ते पाहिलं की वायंडरला अंदाज बांधता येतो. एक फेज गेला आणि मोटर उरलेल्या दोनवर चालत राहिली, तर स्टार जोडणीच्या मोटरमध्ये दोन फेजची वेटोळी काळी पडतात आणि तिसऱ्याची चांगली राहतात. डेल्टा जोडणीत एकाच फेजची जळतात. तिन्ही फेज सारख्याच काळ्या झाल्या असतील तर मोटरवर भार जास्त होता, विजेचा दाब फार कमी होता किंवा रोटर अडकला होता. आणि सगळं वायंडिंग ठीक असून एखाद्याच खाचेत, एखाद्याच ठिकाणी जळाल्याची खूण असेल, तर वायरच्या आवरणातल्या किंवा वायंडिंग भरतानाच्या दोषाची शक्यता मोठी असते.

पण जळालेलं वायंडिंग पाहून तिथेच थांबू नये. तिन्ही फेज सारख्या जळाल्या म्हणून लगेच «ओव्हरलोड» लिहून मोकळं होणं चूक आहे. थ्रस्ट बेअरिंग आधी तुटलं आणि त्यामुळे रोटर अडकला, तरी वायंडिंग तसंच जळतं. मग प्रश्न उरतो की बेअरिंग का गेलं. पाणी भरून चालणाऱ्या मोटरमध्ये सोडण्यापूर्वी स्वच्छ पाणी भरलंच नसेल तर बेअरिंग जातं आणि ती चूक बसवणाऱ्याची. तसं काही नसेल आणि बेअरिंगच सदोष असेल, तर जळालेल्या वायंडिंगसह तो बिघाड वॉरंटीत यायला हवा.

समजा, यावल भागातल्या एका ट्यूबवेलमध्ये नोव्हेंबरात साडेसात एचपीची, स्टार जोडणीची मोटर सोडली आणि मार्चमध्ये ती बंद पडली. उघडली तर दोन फेज काळ्या, तिसरी नवी असल्यासारखी. बेअरिंग ठीक, बुश ठीक. एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर स्टार्टरला नाही. जुन्या कार्डाने या माणसाला «वायंडिंग जळणे वॉरंटीत नाही» एवढं ऐकवून परत पाठवलं असतं आणि कंपनी फसवते असं तो गावभर सांगत सुटला असता. नव्या कार्डावर लिहिलं आहे की प्रिव्हेंटर नसताना दोन फेजवर मोटर चालून जळाली तर वॉरंटी नाही. त्याला वायंडिंगचा फोटो दाखवला, स्टार्टर दाखवला. मोफत काही मिळालं नाही, पण पुढची मोटर सोडण्याआधी काय बसवायचं ते त्याला कळलं. आणि त्याच मोटरमध्ये एकाच खाचेत जळाल्याची खूण निघाली असती, तर जुन्या कार्डाने तीसुद्धा नाकारली असती. नव्या कार्डाने ती द्यावीच लागते.

६. कारण कोण ठरवणार? «कंपनीचा निर्णय अंतिम» हे काढलं तर कोणीही काहीही म्हणेल.

तपासणी कंपनीचाच माणूस करणार, त्याला पर्याय नाही. पण तपासणी कशी होईल ते कार्डावर लिहिता येतं आणि लिहिलं की विश्वास बसतो. तीन गोष्टी पुरेशा आहेत. मोटर गिऱ्हाईकासमोर उघडायची, किंवा तो हजर राहू शकत नसेल तर उघडतानाचे फोटो त्याला पाठवायचे. नाकारायचं असेल तर कार्डावरच्या कोणत्या मुद्द्यामुळे नाकारलं ते लेखी द्यायचं. आणि जुने भाग त्याने मागितले तर परत करायचे, म्हणजे त्याला दुसऱ्या वायंडरला दाखवता येतात.

«कंपनीच्या मते अन्य कोणत्याही कारणास्तव» हे शब्द मात्र पूर्ण काढा. ते राहिले तर आधीची सगळी यादी लिहिण्यात अर्थच उरत नाही. «निर्णय अंतिम» छापल्याने कायद्याने काय होतं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

७. कोरडं चालणं, वाळू, कमी-जास्त दाब या गोष्टी वगळाव्याच लागतात. त्या कशा लिहू?

वगळण्याचा प्रत्येक मुद्दा असा लिहा की तो टाळायला काय करायचं ते वाचणाऱ्याला त्याच ओळीत मिळेल. «कोरडे चालणे» एवढंच लिहिलं तर शेतकरी म्हणतो, मी कुठे कोरडी चालवली? त्याच्या मते तो खरंच बोलतो, कारण उन्हाळ्यात पाणी मोटरच्या खाली गेलेलं त्याला वरून दिसत नाही. मग लिहायचं: «बोअरचं पाणी मोटरखाली गेलं आणि मोटर पाण्याशिवाय चालली तर होणारा बिघाड वॉरंटीत नाही. स्टार्टरला ड्राय रन प्रिव्हेंटर बसवा. पाणी थांबून थांबून किंवा हवेसह येऊ लागलं की मोटर लगेच बंद करा.» अशी मोटर उघडली की पंपाचे प्लास्टिकचे टप्पे वितळलेले किंवा बुश घासलेले दिसतात, तीही खूण कार्डावर लिहिता येते.

वाळूचा मुद्दा खान्देशात गावागणिक बदलतो. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात गाळाची जमीन आहे, तिथल्या नव्या ट्यूबवेलमधून सुरुवातीला वाळू येतेच. दक्षिणेकडे काळ्या खडकातल्या बोअरमध्ये ती तक्रार कमी. कंपन्यांच्या माहितीपत्रकात वाळूची मर्यादा प्रति घनमीटर ग्रॅममध्ये दिलेली असते आणि शेतात ती कोणी मोजत नाही. म्हणून आकड्यासोबत साधी कसोटी द्या: «नवी ट्यूबवेल आधी धुवून घ्या. बादलीभर पाणी अर्धा तास स्थिर ठेवा. तळाशी वाळूचा थर बसला तर आमची मोटर अजून सोडू नका, आम्हाला फोन करा.» पंप उघडल्यावर इंपेलर आणि बुशवर चरे पडलेले दिसले तर वाळूचं कारण नाकारता येत नाही.

दाबाच्या बाबतीत «चढउतार» हा शब्द कुचकामी आहे, कारण शेतीच्या लाइनवर चढउतार रोजचाच. आकडा लिहा. ४१५ व्होल्टच्या बऱ्याच मोटरना ३५० ते ४४० व्होल्ट चालतात. तुमच्या माहितीपत्रकात जो आकडा असेल तोच कार्डावर यायला हवा, दुसरा नको. आणि व्होल्टमीटर असलेला स्टार्टर बसवायला सांगा, नाहीतर आकडा असून उपयोग नाही.

८. ऑटो स्विच लावला तर वॉरंटी जाते का?

शेतीची थ्री-फेज वीज ठराविक तासच आणि तीही पाळीने, पुष्कळदा रात्रीची. मध्यरात्री उठून शेतात जाऊन स्टार्टर दाबावा लागू नये म्हणून लोक ऑटो स्विच लावतात. हे प्रत्यक्षात आहे आणि कार्डाने ते मानलंच पाहिजे. «ऑटो स्विच वापरल्यास वॉरंटी रद्द» असं लिहिलं तर निम्मे गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी वॉरंटीबाहेर जातील.

धोका ऑटो स्विचचा नसून वीज आल्या आल्या तिन्ही फेज नीट नसताना मोटर सुरू होण्याचा आहे. म्हणून लिहा: «ऑटो स्विच चालेल, पण त्यासोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर चालू हवा.» कंडेन्सर लावून थ्री-फेज मोटर दोन फेजवर चालवणं ही वेगळी गोष्ट आहे. ती वगळायची असेल तर याच शब्दांत वगळा, «अयोग्य वापर» या शब्दाआड लपवू नका.

९. गावच्या वायंडरने मोटर उघडली. आता काहीच मिळणार नाही का?

बहुतेक कार्डं नाही म्हणतात आणि त्यामागे कारण आहे. वायंडिंग काढून टाकलं की प्रश्न ५ मधल्या खुणा पुसल्या जातात, मग दोष कोणाचा हे सांगताच येत नाही. पण शेतकऱ्याची बाजूही बघा. एप्रिलमध्ये केळीला पाणी थांबवून चालत नाही. कंपनीने «लवकरच» माणूस पाठवतो म्हटलं आणि चार दिवस कोणी फिरकलं नाही, तर तो वायंडरकडे जाणारच.

म्हणून हा मुद्दा दोन्ही बाजूंनी लिहावा लागतो: «मोटर उघडण्याआधी आम्हाला फोन करा. ४८ तासांत आम्ही तपासणी केली नाही, तर सुटी करताना फोटो काढून तुम्ही ती दुरुस्त करून घेऊ शकता, वॉरंटी जाणार नाही.» तास किती, ते तुमच्या सेवा केंद्राला जमतील तेवढे लिहा, पण आकडा लिहा. वेळेचं बंधन स्वतःवर घेतल्याशिवाय «अनधिकृत दुरुस्ती» वगळणं न्याय्य होत नाही, हे मी प्रत्येक उत्पादकाला सांगतो.

मोटर सोडणं, पाइप जोडणं, केबलचा जॉइंट मारणं ही दुरुस्ती नव्हे, हेही लिहून टाका. जॉइंट वायरमनने मारलेला असतो. त्यात पाणी शिरलं तर तो मोटरचा दोष नाही, पण त्यामुळे मोटरची वॉरंटीही रद्द होत नाही.

१०. बिघाड झाल्यावर नेमकं काय करायचं, ते किती शब्दांत लिहावं?

ज्या क्रमाने माणूस हालचाल करतो त्या क्रमाने, आणि प्रत्येक वाक्यात कोणी काय करायचं ते. «दावा सादर करणे बंधनकारक» या वाक्यात करणारा माणूसच नाही. तो आणा: तुम्ही फोन करा, दुकानदार नंबर लिहून देईल, आमचा माणूस येईल. फोन नंबर कार्डावरच हवा. वेष्टनात बंद मालावर तक्रारीसाठीचा पत्ता, फोन आणि ईमेल छापणं कायद्यानेही लागतं, पण खोकं पहिल्याच दिवशी फेकलं जातं.

खर्चाचा मुद्दा इथेच मिटवा. खोल ट्यूबवेलमधून चेन-पुली लावून मोटर वर काढायला आणि परत सोडायला बरीच मजुरी लागते. कार्ड त्याबद्दल गप्प असतं आणि शेतकऱ्याला वाटतं, मोफत म्हणजे सगळंच मोफत. कंपनी ती देणार नसेल तर तसं सरळ लिहा. पूर्ण मजकूर प्रश्न १५ मध्ये आहे.

११. बिल हरवलं, किंवा बिल मुलाच्या नावावर आणि सातबारा वडिलांच्या. वॉरंटी मिळेल?

वॉरंटी मोटरला असते, सातबाऱ्याला नाही. बिल घरातल्या कोणाच्याही नावावर असलं तरी चालेल, असं एक वाक्य कार्डावर टाका, म्हणजे दुकानातली अर्धी वादावादी संपते. बिल हरवलं तर नेमप्लेटवरच्या सिरियल नंबरवरून दुकानदाराच्या वहीत विक्री सापडते, त्यामुळे «मूळ बिल बंधनकारक»ऐवजी «बिल, कार्ड किंवा दुकानदाराच्या वहीतली नोंद यांपैकी एक» असं लिहा. मोटर बोअरमध्ये गेल्यावर नेमप्लेट वाचता येत नाही, म्हणून सोडण्याआधी तिचा फोटो काढून ठेवायला सांगा.

बिलच दिलं नव्हतं, असंही अनेक जण सांगतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. घेणाऱ्याने ते मागून घ्यावं, दोन पैसे कमी होतात म्हणून सोडून देऊ नये.

१२. आमच्या बिलावर «विकलेला माल परत घेतला जाणार नाही» असा शिक्का आहे आणि कार्डावर वॉरंटी आहे. कोणतं खरं?

सदोष मालाच्या बाबतीत शिक्क्यामागे लपता येत नाही. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं हीही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. गिऱ्हाईकाचं मन बदललं म्हणून चांगला माल परत घ्यायचा नसेल तर शिक्का असा करा: «सदोष नसलेला माल परत घेतला जाणार नाही. बिघाडासाठी वॉरंटी कार्ड पाहा.»

दुकानदाराने बिलावर हाताने «२ वर्ष वॉरंटी» लिहून दिलं आणि कंपनीचं कार्ड १२ महिन्यांचं असेल, तर जास्तीच्या वर्षाचं वचन दुकानदाराने दिलेलं आहे. घेणाऱ्याने तो कागद जपून ठेवावा आणि दुकानदाराने झेपेल तेवढंच लिहावं.

१३. «निर्णय अंतिम» आणि «वाद मुख्यालयाच्या न्यायक्षेत्रात» हे कायद्याने चालतं का? शेतकरी ग्राहक मंचात जाऊ शकतो का?

जाऊ शकतो, आणि घराजवळच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मग कंपनी कोइमतूरची असो की अहमदाबादची, आयोग जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आहे. कार्डावरच्या ओळीने हा हक्क जात नाही. «निर्णय अंतिम» छापल्याने आयोगाचे हातही बांधले जात नाहीत.

शेतकरी ग्राहक नाही, तो धंद्यासाठी मोटर घेतो, असा बचाव कधी कधी ऐकू येतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा व्यापारी कारणासाठीची मानत नाही. बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शेतकऱ्यांना ग्राहक मानलं आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मोटर बहुधा यातच बसते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला तरी पुष्कळ वेळा कंपनी हलते.

ज्या ओळीचा कायद्यात उपयोग नाही आणि जी वाचून माणूस फक्त घाबरतो, ती कार्डावर ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१४. पीक सुकलं तर भरपाई? आणि मोटर बदलून दिली तर वॉरंटी पुन्हा पहिल्यापासून?

पिकाचं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत. घेत नसाल तर «परिणामी नुकसान» असं न लिहिता «मोटर बंद असताना पाण्याअभावी पिकाचं झालेलं नुकसान या वॉरंटीत येत नाही» असं लिहा. कंपनीच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं असं घेणाऱ्याचं म्हणणं असेल तर तो आयोगात भरपाई मागू शकतो. द्यायची की नाही ते आयोग ठरवतो, कार्ड नाही.

बदललेल्या मोटरचं काय, ते कार्ड सहसा सांगत नाही. बाजारातली रीत मूळ तारीखच चालू ठेवण्याची आहे. पण वॉरंटी संपायला पंधरा दिवस उरले असताना बदलून दिलेल्या मोटरला फक्त पंधरा दिवस मिळावेत, हे मला पटत नाही. «मूळ तारखेपर्यंत किंवा बदलल्यापासून ३ महिने, जे नंतर संपेल ते» असं मी सुचवतो.

१५. मग पूर्ण परिच्छेद कसा दिसेल? आणि तो अहिराणीत लिहावा का?

छापील कार्ड मराठीतच ठेवावं, कारण तेच बिलासोबत आयोगातही दाखवायला लागतं. पण दुकानदाराने ते देताना अहिराणीत, लेवा बोलीत, नंदुरबारकडे भिलीत किंवा पावरीत समजावून सांगावं. छापण्याआधी मोटर घेणाऱ्या एखाद्याला वाचायला द्या आणि विचारा: दोन फेजवर जळाली तर? बिल हरवलं तर? आधी कोणाला फोन? उत्तर शोधायला तो अडखळला की ती ओळ पुन्हा लिहा. अक्षर बारीक करून जागा वाचवू नका, हवं तर कार्डाची मागची बाजू वापरा.

मजकूर असा. तास, दिवस आणि व्होल्ट तुमचे घाला.

«काय मिळेल. ही वॉरंटी ____ या तारखेला संपते. तोपर्यंत मोटर किंवा पंप बनवताना राहिलेल्या दोषामुळे बिघाड झाला तर आम्ही खराब भाग मोफत बदलू. तरीही चालू झाली नाही तर त्याच मॉडेलची दुसरी मोटर देऊ. उदाहरणार्थ, वायंडिंगच्या वायरचं सदोष आवरण, सदोष बेअरिंग, वाकडा शाफ्ट, तडा गेलेला भाग, नेमप्लेटवरच्या उंचीला कमी पाणी. असे इतर दोषही यात येतात. अशा दोषामुळे वायंडिंग जळालं तर तेही यात येतं.

काय मिळणार नाही. पुढील कारणांनी झालेला बिघाड: सिंगल फेज प्रिव्हेंटर नसताना मोटर दोन फेजवर चालणं, कंडेन्सर लावून दोन फेजवर चालवणं, पाण्याशिवाय चालणं, दाब ३५० पेक्षा कमी किंवा ४४० व्होल्टपेक्षा जास्त असताना चालणं, वाळूने झालेली झीज, सोडण्याआधी मोटरमध्ये स्वच्छ पाणी न भरणं, केबलचा जॉइंट खराब असणं, आम्हाला न कळवता मोटर उघडणं. मोटर काढण्या-सोडण्याची मजुरी आणि पिकाचं नुकसान आम्ही देत नाही. ऑटो स्विच चालतो, पण सोबत प्रिव्हेंटर हवा.

काय करायचं. मोटर बंद पडली की आधी स्टार्टर आणि तिन्ही फेज तपासून घ्या. मग दुकानदाराला किंवा ____ या नंबरवर फोन करा, सिरियल नंबर सांगा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. मोटर वर काढा, पण उघडू नका. बिल, हे कार्ड किंवा दुकानदाराच्या वहीतली नोंद यांपैकी एक पुरेसं आहे. नाव घरातल्या कोणाचंही चालेल. ४८ तासांत आमचा माणूस मोटर तुमच्यासमोर उघडून तपासेल. तो आला नाही तर फोटो काढून तुम्ही दुरुस्ती करून घेऊ शकता. वॉरंटीत बसलं तर ७ दिवसांत मोटर चालू करून देऊ. नाकारलं तर कारण आणि फोटो लेखी देऊ, जुने भाग मागितल्यास परत करू. बदललेल्या मोटरला मूळ तारखेपर्यंत किंवा ३ महिने, जे नंतर संपेल तोपर्यंत वॉरंटी राहील. आमचं म्हणणं पटलं नाही तर १९१५ वर फोन करा किंवा तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा.»